वाटेत मुरणारी वीज : रोहित्र, उच्च दाब आणि तारांतील हानी

कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्यांची शेती असते त्यांना पाणी कमी मिळते, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. विजेच्या तारेलाही असेच शेवटचे टोक असते. रोहित्राजवळच्या घरात दिवा लख्ख जळतो आणि अर्ध्या कोसावरच्या मळ्यात तोच दिवा पिवळट दिसतो, पंप घरघरतो पण पाणी उपसत नाही. ग्रामसभेत यावर चर्चा होते ती बहुधा "वीज कमी सोडतात" या शब्दांत. प्रत्यक्षात वीज कमी सोडलेली नसते. ती वाटेतच तारांमध्ये मुरलेली असते. किती मुरली याचा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील एका छोट्या सूत्राने करता येतो. परीक्षेतील त्या उदाहरणांचा अर्थ आणि गावातील तक्रारीचा अर्थ एकच आहे. प्रस्तुत लेखात एकाच वाडीचे उदाहरण घेऊन हा हिशेब पायरीपायरीने मांडला आहे.

मूळ नियम असा : तारेतून I अँपिअर प्रवाह वाहत असेल आणि तारेचा रोध R ओहम असेल, तर तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती I²R वॅट असते. ही हानी तारेतून किती शक्ती पुढे जात आहे यावर थेट अवलंबून नसून किती प्रवाह वाहत आहे यावर अवलंबून असते, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. या "वर्गा"तच सारे रहस्य आहे.

उदाहरण पहिले : रोहित्राशिवाय

एका वाडीची मागणी ४८ किलोवॅट असून ती २४० व्होल्ट दाबाने हवी आहे. वीज जेथून यावयाची ते ठिकाण २ किलोमीटर अंतरावर आहे. दोन तारांची ओळ असून प्रत्येक तारेचा रोध दर किलोमीटरला ०.२५ ओहम आहे. वाटेतील हानी किती, आणि मूळ ठिकाणाहून किती दाबाने वीज सोडावी लागेल? (आपल्या देशात घरगुती पुरवठ्याचा नाममात्र दाब आता २३० व्होल्ट धरतात. येथे केवळ भागाकार सोपा व्हावा म्हणून २४० घेतला आहे.)

प्रथम प्रवाह काढू. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो : ४८,००० ÷ २४० = २०० अँपिअर. त्यानंतर रोध. येथे पुष्कळ विद्यार्थी पहिली चूक करतात. अंतर २ किलोमीटर असले तरी प्रवाह एका तारेने जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो. म्हणून तारेची एकूण लांबी ४ किलोमीटर धरावयाची. रोध झाला ४ × ०.२५ = १ ओहम.

आता हानी : २०० × २०० × १ = ४०,००० वॅट, म्हणजे ४० किलोवॅट. तारेत खर्ची पडणारा दाब : २०० × १ = २०० व्होल्ट. तेव्हा वाडीला २४० व्होल्ट मिळावेत यासाठी मूळ ठिकाणाहून ४४० व्होल्ट सोडावे लागतील, आणि ४८ किलोवॅट पोचविण्यासाठी ८८ किलोवॅट द्यावे लागतील. पाठविलेल्या विजेपैकी साडेपंचेचाळीस टक्के वीज तारा तापविण्यात जाईल.

ही रोधाची किंमत काल्पनिक वाटू नये. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पदर वळलेल्या ज्या तारा आपल्या खांबांवर दिसतात, त्यांना प्राण्यांची नावे आहेत. लहान आकाराची ती "वीझल", मधली "रॅबिट", त्याहून जाड "डॉग". यांपैकी रॅबिट तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ०.५५ ओहम आणि डॉग तारेचा सुमारे ०.२८ ओहम असतो. म्हणजे आपण उदाहरणात घेतलेली तार डॉगपेक्षाही किंचित चांगली आहे. तार रॅबिट असती तर हानी याच्या दुपटीहून अधिक झाली असती.

या व्यवस्थेत आणखी एक दोष लपलेला आहे. समजा, ४४० व्होल्ट सोडून आपण वाडीला २४० व्होल्ट पोचविले. मध्यरात्री पंप बंद झाले, दिवे मालवले आणि एकाच घरात एक दिवा उरला. आता तारेतून प्रवाह जवळजवळ नाही. म्हणून तारेत दाबही खर्च होत नाही. त्या एकट्या दिव्यावर जवळजवळ पूर्ण ४४० व्होल्ट येतील आणि तो तत्क्षणी जळेल. तारेतील दाबाची घट कायम नसते. ती प्रवाहाबरोबर वाढते आणि प्रवाहाबरोबर कमी होते. त्यामुळे "शेवटी कमी पडते तर सुरुवातीला वाढवून द्या" हा उपाय एका मर्यादेपलीकडे चालत नाही.

उदाहरण दुसरे : वाडीत रोहित्र बसविले

आता त्याच तारा, तेच अंतर, तीच मागणी. फरक एवढाच की वाडीच्या वेशीवर ११,००० व्होल्टचे २४० व्होल्ट करणारे रोहित्र बसविले. गावच्या बोलीत ज्याला "डी. पी." म्हणतात ते हेच. रोहित्रात सध्या काही हानी होत नाही असे मानू.

वाडीला ४८ किलोवॅट हवेत. म्हणजे रोहित्राच्या प्राथमिक बाजूलाही ४८ किलोवॅट आले पाहिजेत. परंतु तेथे दाब ११,००० व्होल्ट आहे. प्रवाह = ४८,००० ÷ ११,००० = ४.३६ अँपिअर. दोनशेचे चार झाले. तारेतील हानी : ४.३६ × ४.३६ × १ = सुमारे १९ वॅट. तारेत खर्ची पडणारा दाब ४.३६ व्होल्ट, म्हणून मूळ ठिकाणाहून सुमारे ११,००४ व्होल्ट सोडावे लागतील.

चाळीस हजार वॅटच्या जागी एकोणीस वॅट! तार बदलली नाही, खांब बदलले नाहीत. दाब ११,००० ÷ २४०, म्हणजे सुमारे ४५.८ पट वाढला. प्रवाह तितक्याच पटीने घटला. आणि हानी त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे २,१०० पटीने घटली. हाच परिणाम जाड तारेने साधावयाचा तर तार २,१०० पट जाड छेदाची घ्यावी लागली असती. रात्री सर्व दिवे बंद झाले तरी प्राथमिक बाजूचा दाब चार व्होल्टनी वाढेल, म्हणजे वाडीतील दाबात एका व्होल्टचाही फरक पडणार नाही. पहिल्या उदाहरणातील दोन्ही दोष एकदम नाहीसे झाले.

एक हमखास चूक

याच ठिकाणी वर्गात एक प्रश्न हटकून निघतो, आणि तो हुशार विद्यार्थीच विचारतो. शक्तीचे दुसरे सूत्र V²/R असे आहे. मग दाब वाढविला की हानी वाढली पाहिजे; कमी कशी होईल? तो आकडेही घालून दाखवितो : ११,००० × ११,००० ÷ १ = १२,१०,००,००० वॅट. म्हणजे बारा कोटी वॅट.

उत्तर चुकले आहे हे आकड्यावरूनच ओळखता यावे. ज्या ओळीतून ४८ हजार वॅट पोचवावयाचे, तिच्यात बारा कोटी वॅट वाया जातील हे शक्य नाही. परंतु चूक कोठे आहे? सूत्र बरोबर आहे. त्यात घातलेला V चुकीचा आहे. V²/R मधील V हा ज्या वस्तूचा रोध R घेतला त्याच वस्तूच्या दोन टोकांमधील दाब असला पाहिजे. आपण R घेतला तारेचा आणि V घेतला दोन तारांमधील. तारेच्या स्वतःच्या दोन टोकांमधील फरक मिळून अवघा ४.३६ व्होल्ट आहे. तो सूत्रात घातला की ४.३६ × ४.३६ ÷ १ = १९ वॅट, म्हणजे पूर्वीचेच उत्तर येते.

तारेच्या रोधावर पूर्ण ११,००० व्होल्ट पडतील तो प्रसंग एकच : दूरच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर. तेव्हा वाडीला काहीच मिळत नाही आणि सर्व शक्ती तारेतच जाते. यालाच आपण तारा "शॉर्ट" झाल्या म्हणतो. म्हणजे विद्यार्थ्याने काढलेले उत्तर वीजपुरवठ्याचे नसून अपघाताचे आहे. असे सांगितले की ही चूक सहसा पुन्हा होत नाही. परीक्षेच्या दृष्टीने सोपा नियम असा की हानी काढताना नेहमी प्रथम प्रवाह काढावा आणि I²R वापरावे. V²/R च्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यावर्ती प्रवाह कशासाठी?

रोहित्रात लोखंडी पत्र्यांच्या एका गाभ्यावर दोन कुंडले असतात. त्यांचा एकमेकांशी तारेने संबंध नसतो. संबंध असतो तो गाभ्यातील चुंबकीय अभिवाहाने. प्राथमिक कुंडलातील प्रवाह सतत दिशा बदलतो, आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तने, म्हणून अभिवाहही सतत बदलतो. या बदलामुळे गाभ्यावरील प्रत्येक वेढ्यात सारखाच दाब प्रवर्तित होतो.

आपल्या रोहित्रात दर वेढ्याला ४ व्होल्ट येतात असे धरू. मग ११,००० व्होल्टसाठी २,७५० वेढे हवेत आणि २४० व्होल्टसाठी ६० वेढे. प्राथमिक बाजूला २,७५० वेढ्यांतून ४.३६ अँपिअर, द्वितीयक बाजूला ६० वेढ्यांतून २०० अँपिअर. दोन्ही गुणाकार बारा हजारांच्या आसपास येतात. जिकडे दाब जास्त तिकडे पुष्कळ वेढे आणि बारीक तार. जिकडे प्रवाह जास्त तिकडे थोडे वेढे आणि जाड पट्टी. उघडलेले रोहित्र पाहण्याची संधी मिळाली तर कोणते कुंडल उच्चदाबाचे हे यावरून लगेच ओळखता येते.

दिष्ट प्रवाह दिला तर अभिवाह एकदा निर्माण होऊन स्थिर राहतो. बदल नाही, म्हणून द्वितीयक कुंडलात काहीच येत नाही. इतकेच नव्हे, तर प्राथमिक कुंडलात दाबाला विरोध करणारे प्रवर्तनही उरत नाही. उरतो तो केवळ तारेचा रोध. प्रयोगशाळेतील एखाद्या लहान रोहित्राच्या २३० व्होल्टच्या कुंडलाचा रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्ट दिष्ट दाबाने त्यातून २३ अँपिअर वाहू लागतील आणि कुंडलात पाच हजारांहून अधिक वॅट उष्णता निर्माण होईल. ते काही क्षणांत जळेल. हा प्रयोग कागदावरच करावयाचा आहे.

प्रत्यावर्ती प्रवाहाची किंमत क्षणाक्षणाला बदलते. मग वरच्या हिशेबात २०० अँपिअर म्हणजे कोणत्या क्षणीचे? ते वर्गमाध्यमूळ मूल्य होय. तितकाच दिष्ट प्रवाह त्याच तारेत जितकी उष्णता निर्माण करील, सरासरीने तितकीच हा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो, असा त्याचा अर्थ. शिखरमूल्य त्याच्या १.४१४ पट, म्हणजे २८२.८ अँपिअर असते. प्रश्नात शिखरमूल्य दिले असताना तेच सूत्रात घातले तर हानी ८० किलोवॅट, म्हणजे बरोबर दुप्पट येते. उत्तर नेमके दुप्पट किंवा नेमके निम्मे आले तर प्रथम दोन ठिकाणी शोध घ्यावा : शिखरमूल्य वापरले का, आणि परतीची तार मोजावयाची राहिली का.

रोहित्राची स्वतःची हानी

रोहित्रात हानी होत नाही असे आपण मानले होते. ते पुस्तकी गृहीत आता सोडू. रोहित्रात दोन प्रकारची हानी होते. गाभ्यातील अभिवाह उलटसुलट होताना लोखंड तापते, ही लोहहानी. वाडीत एकही दिवा लागलेला नसला तरी ती रात्रंदिवस चालू असते. दुसरी कुंडलांच्या रोधातील I²R हानी. हिला ताम्रहानी म्हणतात, आणि कुंडल ॲल्युमिनियमचे असले तरी नाव तेच चालते. ती भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

६३ केव्हीए क्षमतेच्या जुन्या धाटणीच्या वितरण रोहित्रात लोहहानी सुमारे १८० वॅट आणि पूर्ण भार असताना ताम्रहानी सुमारे १,२३५ वॅट धरली जात असे. आपल्या वाडीचा भार ४८ किलोवॅट, म्हणजे क्षमतेच्या ०.७६२ पट. याचा वर्ग ०.५८. म्हणून ताम्रहानी १,२३५ × ०.५८ = सुमारे ७१७ वॅट. लोहहानी मिळवून एकूण सुमारे ९०० वॅट. कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या वर गेली. यंत्र म्हणून हे उत्तम आहे.

परंतु आकड्यांची तुलना करा. तारेतील हानी १९ वॅट आणि रोहित्रातील ९०० वॅट. म्हणजे दोन किलोमीटरसाठी ११,००० व्होल्ट पुरेसे झाले. येथे दाब ३३,००० व्होल्ट केला तर वाचणार ते १९ वॅटमधूनच, आणि त्यासाठी रोधक चिनी मातीचे चाक, खांब व रोहित्र ही सर्व अधिक महाग घ्यावी लागतील. दाब वाढविण्याचा फायदा कोठे थांबतो हे अंतर आणि शक्ती पाहून ठरते. म्हणूनच शेकडो किलोमीटरसाठी ४०० व २२० किलोव्होल्ट, तालुक्याच्या आसपास ३३ किलोव्होल्ट आणि गावापर्यंत ११ किलोव्होल्ट, अशा पायऱ्या ठेवलेल्या असतात.

उदाहरण तिसरे : रोहित्र कोठे बसवावे?

आता ग्रामपंचायतीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, जागेच्या वादामुळे रोहित्र वाडीत न बसविता अलीकडे ४०० मीटरवर बसविले. पहिले १.६ किलोमीटर उच्चदाबाने आणि शेवटचे ४०० मीटर २४० व्होल्टच्या लघुदाबाने. तार तीच.

शेवटच्या टप्प्याचा रोध : २ × ०.४ × ०.२५ = ०.२ ओहम. प्रवाह २०० अँपिअर. हानी २०० × २०० × ०.२ = ८,००० वॅट. दाबाची घट ४० व्होल्ट. रोहित्राला आता ४८ अधिक ८ असे ५६ किलोवॅट द्यावयाचे आहेत. त्यासाठी उच्चदाबाच्या तारेत ५.०९ अँपिअर वाहतील आणि १.६ किलोमीटरमध्ये अवघे २१ वॅट वाया जातील.

दीड किलोमीटरहून अधिक अंतरात २१ वॅट आणि शेवटच्या ४०० मीटरमध्ये ८,००० वॅट! पंप रोज तीन तास चालले तरी रोज २४ युनिट त्या शेवटच्या टप्प्यात मुरतील. अंतर निम्मे केले तर ही हानी निम्मी होते. दाब वाढवून तो टप्पा उच्चदाबावर घेतला तर ती जवळजवळ नाहीशीच होते. रोहित्राच्या जागेचा ठराव करताना हे दोन आकडे समोर असावेत.

वीज वाया जाते एवढेच हे नुकसान नाही. भाराखाली चालणारा पंपाचा मोटर दाब कमी झाला म्हणून काम कमी करीत नाही. तितकेच पाणी उपसण्यासाठी तो अधिक प्रवाह ओढतो. दाब ८० टक्क्यांवर आला तर प्रवाह जवळजवळ १.२५ पट होतो. मोटरच्या गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता १.२५ च्या वर्गाने, म्हणजे १.५६ पट होते. उन्हाळ्यात मोटर "जळतो" त्यामागे अनेकदा हेच कारण असते. शिवाय वाढलेला प्रवाह त्याच तारेतून येत असल्यामुळे तारेतील घट आणखी वाढते आणि शेजाऱ्याचा दाब आणखी खाली जातो. एकाच्या पंपाने दुसऱ्याचा पंप अडतो तो असा.

शक्तिगुणकाचाही हिशेब असाच आहे. शक्तिगुणक ०.८ असेल तर तितक्याच उपयुक्त शक्तीसाठी १.२५ पट प्रवाह लागतो आणि तारेतील हानी पुन्हा १.५६ पट होते. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडला की हा अतिरिक्त प्रवाह पंपाजवळच भागतो. तो दूरवरून तारेने आणावा लागत नाही. कपॅसिटर काढून ठेवणाऱ्याला घरात काही फरक दिसत नाही. फरक पडतो तो तारेत आणि रोहित्रात.

लघुदाबाच्या लांब तारा टाळण्याच्या याच तत्त्वावर २०१८ पासून महाराष्ट्रात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेण्यात आली. तीत एका किंवा दोन शेतकऱ्यांमागे एक लहान रोहित्र देण्यात येते आणि उच्चदाबाची तार जवळजवळ विहिरीपर्यंत जाते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. रोहित्रे जितकी अधिक, तितकी चोवीस तास चालणारी लोहहानी अधिक, आणि देखभालीची ठिकाणेही अधिक. वाचलेली तारहानी या वाढीपेक्षा बरीच जास्त असेल तेथेच ही व्यवस्था हितावह ठरते.

या हिशेबाच्या मर्यादा

दोन तारांची ओळ ही विद्यार्थ्यांसाठी केलेली सोय आहे. प्रत्यक्षात इतकी वीज त्रिकला पद्धतीने पुरविली जाते. पहिल्याच उदाहरणातील ४८ किलोवॅट तीन कलांत सारखे वाटले, तर प्रत्येक तारेत २०० ऐवजी ६६.७ अँपिअर वाहतात आणि भार समतोल असल्यामुळे परतीच्या तारेत काहीच वाहत नाही. प्रत्येक तारेचा रोध ०.५ ओहम; तीन तारांची मिळून हानी सुमारे ६.७ किलोवॅट, म्हणजे ४० किलोवॅटच्या एक षष्ठांश. मात्र समतोल हवा. सर्वांनी एकाच कलेवर भार टाकला तर हा लाभ हातचा जातो.

आणि दिष्ट प्रवाहाने वीज दूर नेता येत नाही, असेही समजू नये. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची दिष्ट प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट असून तिच्या दोन ध्रुवांचा दाब जमिनीच्या मानाने अधिक ५०० व उणे ५०० किलोव्होल्ट, म्हणजे एकमेकांत १,००० किलोव्होल्ट आहे. भागाकार केला की पूर्ण क्षमतेचा प्रवाह १,५०० अँपिअर येतो. इतक्या लांब अंतरावर प्रत्यावर्ती प्रवाहाचा काही भाग तारा भारित-अभारित करण्यातच गुंततो. दिष्ट प्रवाहात तो प्रश्न नसतो. परंतु तेथेही दाब चढविण्याचे व उतरविण्याचे काम दोन्ही टोकांची रोहित्रेच करतात. दिष्ट असतो तो केवळ मधला प्रवास.

सरावासाठी उदाहरणे

(१) १० किलोमीटरवरील गावाला ३०० किलोवॅट हवेत. दोन तारांची ओळ. प्रत्येक तारेचा रोध दर किलोमीटरला ०.४ ओहम. गावातील रोहित्र १०,००० व्होल्टचे २५० व्होल्ट करते. तारेतील हानी आणि मूळ ठिकाणचा दाब काढा. रोहित्र ५,००० व्होल्टचे असते तर हानी किती झाली असती?

(२) ४०० मीटर अंतरावर दोन वस्त्या असून प्रत्येकीला २४० व्होल्टने १०० अँपिअर लागतात. प्रत्येक तारेचा रोध दर किलोमीटरला ०.२५ ओहम. रोहित्र एका वस्तीत बसविले तर आणि बरोबर मध्यावर बसविले तर, हानी व दाबाची घट यांची तुलना करा.

(३) लघुदाबाच्या ओळीत ०.८ शक्तिगुणकाला ८ किलोवॅट हानी होते. उपयुक्त शक्ती व दाब तेच ठेवून शक्तिगुणक १ केला तर हानी किती?

(४) १८० वॅट लोहहानीच्या एका रोहित्राऐवजी प्रत्येकी १०० वॅट लोहहानीची तीन रोहित्रे बसविल्यामुळे ८ किलोवॅटची तारहानी टळते. पंप रोज ३ तास चालतात. ताम्रहानीतील फरक सोडून दिल्यास रोज निव्वळ किती युनिट वाचतील?

उत्तरे : (१) प्रवाह ३० अँपिअर, रोध ८ ओहम, हानी ७.२ किलोवॅट, मूळ ठिकाणी १०,२४० व्होल्ट. ५,००० व्होल्टला हानी चौपट, २८.८ किलोवॅट. (२) हानी दोन्ही वेळा २ किलोवॅटच. परंतु दाबाची घट पहिल्या व्यवस्थेत एकाच वस्तीला २० व्होल्ट, दुसरीत दोघींना १०-१० व्होल्ट. (३) ५.१२ किलोवॅट. (४) तारहानीत २४ युनिट वाचतात, लोहहानी २.८८ युनिटनी वाढते. निव्वळ बचत २१.१२ युनिट.

दुसऱ्या उदाहरणाचे उत्तर वर्गात आणि ग्रामसभेत दोन्हीकडे सांगण्यासारखे आहे. रोहित्र मध्यावर आणल्याने तेथे एकही युनिट वाचत नाही. परंतु एका वस्तीचा पूर्ण तोटा दोघींत सारखा वाटला जातो, आणि वीस व्होल्टच्या घटीने अडणारा पंप दहा व्होल्टच्या घटीने चालू राहतो.